संशोधन निबंधाचे टिपण कसे करावे?
जर्नल क्लबसाठी एक अभ्यासपाठ : गडचिरोलीतील नवजात बालकांच्या अभ्यासाच्या आधारे

वैद्यकीय व परिचर्या महाविद्यालयांतून आणि काही रुग्णालयांतून ‘जर्नल क्लब’ या नावाने एक बैठक भरते. शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एखादा निबंध सर्वांनी मिळून वाचावा, त्यातील निष्कर्ष पारखून पाहावेत आणि आपल्या कामात त्याचा काय उपयोग होईल हे ठरवावे, असा तिचा हेतू असतो. बैठकीला वेळ मात्र तासाभराचाच असतो आणि मूळ निबंध सर्वांनी वाचलेला असतोच असे नाही. म्हणून ज्याच्याकडे त्या दिवशीचा निबंध सोपविलेला असतो त्याने दोन पानांचे एक टिपण तयार करून सभासदांच्या हाती द्यावे, अशी पद्धत आहे. या टिपणाचे तीन भाग असतात : निबंधाचे मुख्य दावे, महत्त्वाच्या आकृतीचे वाचन आणि चिकित्सेचे मुद्दे. हे तिन्ही भाग कसे लिहावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात एका निबंधाच्या आधारे केला आहे.

त्यासाठी निवडलेला निबंध महाराष्ट्राच्या मातीतला आहे. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यात केलेला हा अभ्यास ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात डिसेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. खेड्यातील नवजात बालकाची काळजी त्याच्या घरीच, गावातील प्रशिक्षित स्त्री-कार्यकर्तीने घेतली, तर बालमृत्यू कमी होतात काय, हा त्याचा प्रश्न होता. आजारी तान्ह्या बालकावर केवळ रुग्णालयातच उपचार व्हावेत, असे त्या काळी सर्वसाधारणपणे मानले जाई. त्यामुळे या प्रश्नाच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून होते.

टिपणाचा मथळा

टिपणाच्या आरंभी निबंधाचे नाव, लेखक, नियतकालिक व वर्ष द्यावे आणि त्याखाली अभ्यासाची रचना चार-पाच वाक्यांत सांगावी. कोणावर, काय केले, कोणाशी तुलना केली आणि काय मोजले, या चार प्रश्नांची उत्तरे त्यात आली म्हणजे पुरे. आपल्या निबंधासाठी ती अशी होतील :

गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावे कार्यक्रमासाठी आणि ४७ गावे तुलनेसाठी निवडली. १९९३ ते १९९५ ही दोन वर्षे दोन्ही भागांत केवळ पायाभूत नोंदी घेतल्या. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी भेटी देऊन जन्मतः गुदमरलेली, कमी दिवसांची, कमी वजनाची, अंग थंड पडलेली किंवा स्तनपान नीट न करणारी बालके सांभाळली आणि जंतुसंसर्गाचे निदान करून त्यावर उपचारही केले. प्रशिक्षित दाईंचे साहाय्य, मातांचे आरोग्यशिक्षण आणि दर पंधरवड्याला पर्यवेक्षकाची भेट यांची त्याला जोड होती. दोन्ही भागांतील सर्व जन्ममृत्यूंची नोंद मात्र दुसऱ्या कार्यकर्त्यांनी केली.

शेवटचे उपवाक्य गाळू नये. ज्यांनी काळजी घेतली त्यांनीच मृत्यू मोजले असते, तर नकळत पक्षपात होण्याचा संभव होता. ही खबरदारी या अभ्यासाची जमेची बाजू आहे आणि चिकित्सेच्या वेळी तिचा उल्लेख करावा लागतो.

मुख्य दावे

नवखा टिपणकार निबंधाच्या सारांशाचेच भाषांतर करून मोकळा होतो. सारांश हे लेखकांचे निवेदन असते. टिपणात त्यातील दावे सुटे करून मांडावयाचे असतात. प्रत्येक दावा एका वाक्याचा असावा आणि त्याच्याबरोबर तीन गोष्टी असाव्यात : आकडा, तो आकडा कशाच्या तुलनेत आहे, आणि ती तुलना कोणत्या प्रकारची आहे. या निबंधातून चार दावे निघतात.

पहिला दावा : कार्यक्रमाच्या तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ मध्ये, ९३ टक्के नवजात बालकांना घरपोच काळजी मिळाली. हा व्यवहार्यतेचा दावा आहे. त्यात तुलना नाही.

दुसरा दावा : नवजात मृत्युदर, म्हणजे दर हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या २८ दिवसांत होणारे मृत्यू, कार्यक्रमाच्या गावांत २५.५ पर्यंत उतरला. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता ही निव्वळ घट ६२.२ टक्के होती. एक वर्षापर्यंतच्या बालमृत्युदरात हीच घट ४५.७ टक्के, तर मृत जन्म आणि पहिल्या आठवड्यातील मृत्यू मिळून होणाऱ्या दरात ७१ टक्के होती. येथे दोन भागांची, आणि पूर्वीच्या व नंतरच्या काळाची, अशी दुहेरी तुलना आहे.

तिसरा दावा : जंतुसंसर्ग झालेल्या बालकांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. पहिला आकडा उपचार सुरू होण्यापूर्वीच्या १६३ बालकांचा, तर दुसरा कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या ७१ बालकांचा आहे. ही तुलना केवळ पूर्वीची व नंतरची आहे. तुलनेची गावे येथे नाहीत.

चौथा दावा : दर बालकामागे सुमारे ५.३ अमेरिकन डॉलर खर्च आला आणि १९९७-९८ मध्ये दर १८ बालकांच्या काळजीमागे एक मृत्यू टळला. या मृत्यूंत गर्भातील मृत्यूही धरलेले आहेत.

असे सुटे केल्यावर एक गोष्ट चटकन दिसते. चारही दावे एकाच आवाजात सांगितलेले असले तरी त्यांच्या मागची पुराव्याची ताकद सारखी नाही. दुसरा दावा तिसऱ्यापेक्षा बळकट पायावर उभा आहे. टिपणाच्या पहिल्या भागाचे काम एवढेच, की हा फरक वाचकाच्या नजरेस यावा.

आकृतीचे वाचन

टिपणात निबंधातील सर्व आकृत्या व कोष्टके देण्याचा मोह टाळावा. ज्या एका आकृतीवर मुख्य निष्कर्ष उभा आहे तेवढीच घ्यावी. मुख्य आकडे कोष्टकात विखुरलेले असतील, तर त्यांची साधी आकृती टिपणकाराने स्वतः काढावी आणि ती आपण काढली असल्याचे खाली लिहावे. आपल्या निबंधाचा गाभा चार आकड्यांत मावतो. पायाभूत काळात नवजात मृत्युदर कार्यक्रमाच्या गावांत ६२.० आणि तुलनेच्या गावांत ५७.७ होता. तिसऱ्या वर्षी ते अनुक्रमे २५.५ आणि ५९.६ झाले.

आता कागदावर एक उभा व एक आडवा अक्ष काढा. उभ्या अक्षावर दर हजारी मृत्यू शून्यापासून ७० पर्यंत मांडा. आडव्या अक्षावर डावीकडे १९९३-९५ आणि उजवीकडे १९९७-९८ लिहा. चार ठिपके मांडून प्रत्येक भागाचे दोन ठिपके तुटक रेषेने जोडा. बैठकीत ही आकृती पुढील क्रमाने वाचावी.

प्रथम अक्ष वाचावेत. उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो हे मुद्दाम दाखवावे. तो २० पासून सुरू केला असता, तर २५.५ चा ठिपका जवळजवळ तळाला टेकला असता आणि मृत्यू संपुष्टात आल्याचा भास झाला असता. आडव्या अक्षावर डावा ठिपका दोन वर्षांचा आणि उजवा एकाच वर्षाचा आहे. एका वर्षाचा आकडा दोन वर्षांच्या आकड्यापेक्षा अधिक हेलकावे खातो, हे ध्यानात ठेवावे.

नंतर डावे दोन ठिपके पाहावेत. ६२.० आणि ५७.७ हे जवळजवळ आहेत. म्हणजे आरंभी दोन्ही भाग सारख्याच स्थितीत होते. कार्यक्रमाची गावे किंचित वाईट स्थितीत होती, बऱ्या स्थितीत नव्हती.

त्यानंतर तुलनेच्या गावांची रेषा पाहावी आणि मगच कार्यक्रमाच्या गावांची. हा क्रम महत्त्वाचा आहे. काहीही विशेष केले नसते तर काय झाले असते, याचे उत्तर तुलनेची रेषा देते. आणि ती जवळपास सपाट आहे. त्या काळात रस्ते, पाऊस, पिके वा सरकारी सेवा यांच्यामुळे सर्वत्रच मृत्यू घटले असते, तर ही रेषाही खाली आली असती. हे मनात ठसल्यावर दुसरी रेषा पाहावी. ती पहिलीला छेदून खाली जाते.

शेवटी आकृतीत काय नाही ते सांगावे. मधल्या वर्षांचे ठिपके नाहीत, म्हणून रेषा तुटक ठेवली आहे. घट सारख्या वेगाने झाली असे तिच्यावरून म्हणता येणार नाही. ठिपक्यांभोवती अनिश्चिततेची मर्यादाही नाही. समजा, एखाद्या भागात वर्षाला १,००० जन्म होतात. तेथे २५ मृत्यू झाले, तर निव्वळ योगायोगाने तो आकडा १५ ते ३५ च्या दरम्यान कोठेही पडू शकतो. ५९ मृत्यू झाले, तर ही मर्यादा साधारण ४४ ते ७४ पडते. या दोन मर्यादा एकमेकींना शिवत नाहीत. म्हणून एवढा मोठा फरक केवळ योगायोगाचा म्हणता येत नाही.

आकडा पुन्हा मांडून पाहणे

चिकित्सेकडे वळण्यापूर्वी मुख्य आकडा स्वतः मांडून पाहावा. ६२.२ टक्के ही घट कशी आली? कार्यक्रमाच्या गावांत ६२.० वरून २५.५, म्हणजे ३६.५ ची घट झाली. ती मूळ दराच्या ५८.९ टक्के होते. तुलनेच्या गावांत ५७.७ वरून ५९.६, म्हणजे १.९ ची वाढ झाली, ती ३.३ टक्के होते. दोहोंची बेरीज ६२.२ येते. लेखकांचा आकडा असा जुळतो.

परंतु हाच फरक दुसऱ्या रीतींनीही सांगता येतो. तिसऱ्या वर्षीचे दोनच आकडे घेतले, तर २५.५ हा दर ५९.६ पेक्षा ५७.२ टक्क्यांनी कमी आहे. कार्यक्रम नसता, तर ६२.० हा दरही तुलनेच्या गावांप्रमाणे ३.३ टक्क्यांनी वाढून ६४.० झाला असता, असे मानले, तर घट ६०.२ टक्के होते. तिन्ही रीती ग्राह्य आहेत आणि तिन्हींचे उत्तर ५७ ते ६२ च्या दरम्यान पडते. म्हणजे निष्कर्ष हिशेबाच्या रीतीवर लटकलेला नाही. मोजणीची रीत बदलताच फरक नाहीसा झाला असता, तर तोच चिकित्सेचा पहिला मुद्दा ठरला असता.

चौथ्या दाव्याचीही अशीच पडताळणी करावी. नवजात मृत्युदरात हजारी सुमारे ३८.५ चा फरक पडला. त्या हिशेबाने दर २६ बालकांमागे एक मृत्यू टळला असे येते. निबंधात मात्र १८ हा आकडा आहे. ही चूक नव्हे. १८ मध्ये गर्भातील मृत्यू मिळविलेले आहेत, २६ मध्ये नाहीत. मात्र जो वाचक १८ हा आकडा केवळ नवजात मृत्यूंचा म्हणून पुढे सांगेल, तो कार्यक्रमाचा परिणाम दीडपट फुगवून सांगेल. टिपणात हे एका वाक्यात नोंदवावे.

चिकित्सेचे मुद्दे

चिकित्सा म्हणजे दोष काढणे नव्हे. ‘नमुना लहान आहे’, ‘आणखी संशोधन हवे’ ही वाक्ये कोणत्याही निबंधाला चिकटविता येतात, म्हणून ती टिपणात नसावीत. प्रत्येक मुद्दा ठरावीक दाव्याशी बांधलेला असावा आणि ती उणीव निष्कर्षाला कोणत्या दिशेने ढकलते, हेही त्यात सांगितलेले असावे. या निबंधासाठी चार मुद्दे पुरेत.

पहिला मुद्दा निवडीचा. कोणती गावे कार्यक्रमात घ्यावीत हे चिठ्ठ्या टाकून ठरविलेले नव्हते. गावे ८६ असली, तरी तुलना दोन भागांची आहे. यामुळे परिणाम फुगण्याची शक्यता राहते, कारण एका भागात लेखकांच्या संस्थेचा वावर व लोकांचा विश्वास अधिक असू शकतो. उलट बाजूने, दोन्ही भागांचे पायाभूत दर व लोकसंख्येची लक्षणे सारखी होती, आणि तुलनेची रेषा सपाट राहिली. दोन्ही बाजू टिपणात लिहाव्यात.

दुसरा मुद्दा कारणाचा. निबंधाच्या नावात जंतुसंसर्गावरील उपचाराचा स्वतंत्र उल्लेख आहे. परंतु गावांना मिळाला तो अनेक गोष्टींचा एकत्रित संच. घटीचा किती भाग प्रतिजैविकांमुळे, किती ऊब व स्तनपानामुळे आणि किती वारंवार घरी येणाऱ्या कार्यकर्तीमुळे, हे या रचनेतून वेगळे करता येत नाही. त्यामुळे ‘इंजेक्शने वगळून बाकीचा कार्यक्रम राबवू’ असे ठरविणाऱ्याला ६२ टक्क्यांचा आधार घेता येणार नाही.

तिसरा मुद्दा तिसऱ्या दाव्याचा. टक्क्यांचे बालकांत रूपांतर करावे. १६३ पैकी १६.६ टक्के म्हणजे २७ मृत्यू आणि ७१ पैकी २.८ टक्के म्हणजे २ मृत्यू. आणखी दोनच बालके दगावली असती, तर २.८ चे ५.६ टक्के झाले असते. तरीही हा दर १६.६ च्या बराच खाली राहिला असता; म्हणून घट खरी दिसते, पण तिचा नेमका आकार सैल आहे. शिवाय दोन्ही काळांतील बालके सारखीच गंभीर होती काय, हा प्रश्न बैठकीपुढे ठेवावा. निदान लक्षणांवरून झालेले असल्याने दुसऱ्या काळात सौम्य आजाराची बालके अधिक आली असल्यास परिणाम फुगलेला दिसेल.

चौथा मुद्दा नोंदीचा. जन्मल्यावर क्षणभर क्षीण श्वास घेऊन गेलेले बालक कोठे ‘मृत जन्म’ म्हणून लिहिले जाते, तर कोठे ‘नवजात मृत्यू’ म्हणून. कार्यक्रमाच्या गावांत अशी बालके मृत जन्मांत ढकलली गेली असती, तर काही न करताही नवजात मृत्युदर उतरलेला दिसला असता. या शंकेचे उत्तर निबंधातच आहे. मृत जन्मांसह मोजलेला दर तर आणखी अधिक, म्हणजे ७१ टक्क्यांनी घटला. नुसते नाव बदलले असते, तर हा दर इतका हलला नसता. येथे चिकित्सेचा मुद्दा अभ्यासाच्या बाजूने निकालात निघतो आणि तसे लिहिणे हेही टिपणकाराचे कर्तव्य आहे.

दावा आणि त्याची मर्यादा

टिपणाच्या अखेरीस एक छोटा परिच्छेद असावा. निबंधाने काय सिद्ध केले आणि काय केले नाही, हे त्यात सांगावे. लेखकांनी सारांशाच्या शेवटी नवजात व बालमृत्यू जवळपास निम्म्याने घटले असा संयमी शब्दप्रयोग केला आहे. ६२ हा आकडा पुढे केलेला नाही. त्याचबरोबर या पद्धतीने विकसनशील देशांतील नवजात मृत्यू बरेच कमी होऊ शकतील, असेही म्हटले आहे. पहिले विधान आकड्यांवर उभे आहे. दुसरे विधान अनुमान आहे.

अनुमानाची कसोटी दुसऱ्या अभ्यासांनी लागते, म्हणून त्यांचा उल्लेख येथे करावा. बांगलादेशातील सिल्हेट जिल्ह्यात, गावसमूहांची निवड यदृच्छेने करून, अशाच धर्तीच्या घरपोच सेवेची चाचणी झाली. २००८ साली ‘लॅन्सेट’मध्येच आलेल्या त्या निबंधात घट ३४ टक्के होती. दिशा तीच, आकार लहान. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बालकांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली आणि २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत घरपोच नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर सुरू केला.

ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे टिपण वाचले जाईल, तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी चर्चेचा शेवटचा प्रश्न यातूनच निघतो. गडचिरोलीत ९३ टक्के बालकांपर्यंत कार्यकर्ती पोहोचली आणि दर पंधरवड्याला पर्यवेक्षक तिच्याकडे आला. आपल्या क्षेत्रात गेल्या महिन्यात जन्मलेल्या किती बालकांना ठरलेल्या सर्व भेटी मिळाल्या, आणि त्या भेटी कोणी तपासल्या? हे दोन आकडे आपल्या नोंदवहीतून काढून टिपणाच्या तळाशी, ९३ च्या शेजारी लिहावेत. मग बैठकीची चर्चा निबंधावरून आपल्या गावांवर आपोआप येते.